झाड ओळीत लिहायचंय? मग रिकाम्या जागी ‘निरंक’ लिहा

डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरात बायनरी ट्रीवर एक प्रश्न हमखास असतो. ‘खाली इनऑर्डर आणि प्रीऑर्डर दिले आहेत, त्यावरून ट्री काढा.’ मुलं हा प्रश्न घोकून घोकून पक्का करतात. पाच-सहा मार्क खिशात पडतात आणि आपणही पुढच्या धड्याकडे वळतो. माझं म्हणणं असं की हा प्रश्न चुकीच्या जागी येतो. त्याच्या आधी मुलांना एक साधी गोष्ट यायला हवी. एकच ट्री घ्यायचा, तो एका ओळीत लिहायचा, वही मिटायची, आणि त्या ओळीवरूनच तोच ट्री पुन्हा काढायचा. याला सिरिअलाइझ आणि डीसिरिअलाइझ असं भारदस्त नाव आहे. नावाला घाबरू नका. काम चिठ्ठ्यांवर होतं.

हे लागतं कुठे? प्रोग्राम चालू असतो तोवर ट्री कॉम्प्युटरच्या मेमरीत असतो. एक नोड इथे, दुसरा भलतीकडे, आणि प्रत्येकाकडे आपल्या डाव्या-उजव्या मुलाचा पत्ता. प्रोग्राम बंद झाला की ते पत्ते निरर्थक होतात. ट्री फाइलमध्ये ठेवायचा असेल किंवा दुसऱ्या मशीनवर पाठवायचा असेल, तर पत्ते पाठवून उपयोग नाही. त्याचा आकार शब्दांत, म्हणजे एका सरळ ओळीत उतरवावा लागतो. खरी अडचण इथे येते, कारण ट्रीला फांद्या आहेत आणि ओळीला नाहीत.

वर्गात पहिल्यांदा विचारलं, ‘ट्री ओळीत कसा लिहाल?’ तर कोणीतरी लगेच सांगतं, ‘सर, प्रीऑर्डर लिहू.’ म्हणजे आधी नोड, मग त्याची पूर्ण डावी बाजू, मग पूर्ण उजवी. उत्तर निम्मं बरोबर आहे. फळ्यावर एवढंच लिहा: क, ख, ग. आणि सांगा, हा एका ट्रीचा प्रीऑर्डर आहे, ट्री काढून दाखवा. कोणी क च्या डावीकडे ख आणि उजवीकडे ग काढेल. कोणी तिघांची डावीकडे उतरत जाणारी साखळी काढेल, कोणी उजवीकडे उतरणारी. कोणाचा ट्री आधी डावीकडे जाऊन मग उजवीकडे वळेल, कोणाचा उलटा. एकूण पाच वेगळे ट्री निघतात आणि पाचही बरोबर असतात. तीन नोडचे आकारच पाच आहेत, आणि प्रीऑर्डर क, ख, ग प्रत्येकाला बसतो. पाच नोड घेतले तर असे आकार ४२ होतात. म्हणजे नुसता प्रीऑर्डर वाचणाऱ्याला बेचाळीसांतला कोणता ट्री हवाय ते कळायला मार्गच नाही.

मग हरवलं काय? अक्षरं तर सगळी लिहिली होती! हरवली ती रिकामी जागा. ख च्या डावीकडे कोणी नाही, हे ट्रीच्या चित्रात दिसतं, पण ओळीत त्याची नोंद झाली नाही.

आपल्या शिक्षकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. कार्यालयाकडून माहिती मागवली जाते, तक्ता येतो, आणि आपल्याकडे एखाद्या रकान्यात भरण्यासारखं काही नसतं. तरी रकाना कोरा सोडून चालत नाही. तिथे ‘निरंक’ लिहावं लागतं. कोरा रकाना पाहून वरच्याला कळत नाही की माहिती नाहीच, की भरायची राहिली. निरंक लिहिलं की शंका संपते. ट्रीच्या ओळीतही तेच करायचं. जिथे मूल असू शकलं असतं पण नाही, तिथे एक खूण टाकायची. मी `#` टाकतो, कोणी `null` लिहितं, कोणी `N`. खूण कुठलीही चालेल, फक्त ती खऱ्या नोडचं नाव असता कामा नये.

आता तेच पाच ट्री निरंकासह लिहून बघा:

```
क,ख,ग,#,#,#,#
क,ख,#,ग,#,#,#
क,ख,#,#,ग,#,#
क,#,ख,ग,#,#,#
क,#,ख,#,ग,#,#
```

अक्षरांचा क्रम प्रत्येक ओळीत तोच आहे, पण पाचही ओळी वेगळ्या आहेत. प्रत्येकीत तीन अक्षरं आणि चार निरंक. हा चार योगायोग नाही, त्याकडे पुढे येतोच.

एक थोडा मोठा ट्री घेऊ. मुद्दाम असा घ्या की त्यात काही ठिकाणी एकच मूल असेल. भरगच्च, सगळीकडे दोन-दोन मुलं असलेला सुबक ट्री फळ्यावर छान दिसतो, पण त्यात निरंकाचं काम कळत नाही.

```
      क
     / \
    ख   घ
     \   \
      ग   च
```

लिहायचा नियम एकच: नोडवर पोचलात की त्याचं नाव लिहा, मग डावीकडचं सगळं, मग उजवीकडचं सगळं. पोचलात ती जागा रिकामी असेल तर `#` लिहा आणि मागे फिरा. चला, बोट ठेवून जाऊ. क लिहिला. डावीकडे ख, तो लिहिला. ख च्या डावीकडे कोणी नाही, `#`. ख च्या उजवीकडे ग, लिहिला. ग ला दोन्हीकडे कोणी नाही, `#` आणि `#`. इथे क ची पूर्ण डावी बाजू संपली. आता उजवीकडे घ. घ च्या डावीकडे कोणी नाही, `#`. उजवीकडे च. च च्या दोन्ही बाजू रिकाम्या, `#` आणि `#`. झालं.

```
क,ख,#,ग,#,#,घ,#,च,#,#
```

आता उलटा प्रवास. मी वर्गात याच्या अकरा चिठ्ठ्या करतो, गठ्ठा एका मुलीच्या हातात देतो, आणि फळ्यावर फक्त एक रिकामा चौकोन काढतो. चौकोन म्हणजे ‘इथे कोणीतरी बसणार आहे किंवा निरंक येणार आहे’. तिने वरची चिठ्ठी उचलायची. अक्षर निघालं तर ते चौकोनात लिहायचं आणि त्याच्याखाली दोन नवे चौकोन काढायचे, डावा आणि उजवा. `#` निघाला तर चौकोनावर फुली मारायची. पुढची चिठ्ठी कुठे जाणार? जो नोड सगळ्यात शेवटी अर्धवट राहिलाय त्याच्या डाव्या चौकोनात. डावा भरला असेल तर उजव्यात. दोन्ही भरले असतील तर तो नोड पूर्ण झाला, एक पायरी वर जायचं.

वरच्या ओळीने हे करून बघा. क पहिल्या चौकोनात. ख त्याच्या डावीकडे. मग `#`, म्हणजे ख ची डावी बाजू फुली. ग आला, तो ख च्या उजवीकडे, कारण ख ची तीच जागा उरलीय. दोन फुल्या ग च्या खाली. ग पूर्ण, त्यामुळे ख पूर्ण, त्यामुळे क ची डावी बाजू पूर्ण. घ ला जायला क ची उजवी बाजूच उरते. पुढे फुली, च, दोन फुल्या. गठ्ठा संपतो त्याच क्षणी फळ्यावरचा शेवटचा चौकोन भरतो. एकाही चिठ्ठीपाशी ‘ही इकडे का तिकडे?’ असा प्रश्न पडला नाही. मुलांना मी हेच विचारतो: कुठे थांबून विचार करावा लागला? कुठेच नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलं पाहिजे.

एवढं झाल्यावर कोड दाखवा, आधी नको. पायथॉनमध्ये ते असं होतं:

```python
class Node:
    def __init__(self, val):
        self.val = val
        self.left = None
        self.right = None

def write(node):
    if node is None:
        return "#"
    return str(node.val) + "," + write(node.left) + "," + write(node.right)

def build(tokens):
    t = next(tokens)
    if t == "#":
        return None
    node = Node(t)
    node.left = build(tokens)
    node.right = build(tokens)
    return node

root = build(iter("क,ख,#,ग,#,#,घ,#,च,#,#".split(",")))
```

यात `iter` म्हणजे चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि `next` म्हणजे वरची चिठ्ठी उचलणं. गठ्ठा एकच आहे. डावी बाजू बांधताना जितक्या चिठ्ठ्या लागल्या तितक्या गेल्या, उजवी बाजू उरलेल्यांपासून सुरू होते. डावी बाजू किती लांब आहे हे आधी मोजावं लागत नाही, कारण ती कुठे संपते ते निरंकच सांगतात.

आता माझ्या मूळ तक्रारीकडे येतो. पेपरातला दोन ओळींचा प्रश्न, इनऑर्डर आणि प्रीऑर्डरचा, वाईट आहे असं मी म्हणत नाही. तर्काला तो चांगला आहे. पण तो आधी शिकवला की मुलांच्या डोक्यात बसतं की ट्री साठवायचा तर दोन ओळी लागतात. आणि ते दोन कारणांनी तोकडं पडतं.

पहिलं कारण, त्या पद्धतीला एक अट आहे जी प्रश्नपत्रिकेत सहसा छापलेली नसते: सगळी नावं वेगवेगळी हवीत. दोनच नोड घ्या, दोघांवर क लिहा. एका ट्रीत दुसरा क डावीकडे, दुसऱ्या ट्रीत उजवीकडे. दोन्हींचा प्रीऑर्डर ‘क क’, दोन्हींचा इनऑर्डर ‘क क’. दोन ओळी देऊनही ट्री ओळखता येत नाही. निरंकासह एकाची ओळ `क,क,#,#,#` होते आणि दुसऱ्याची `क,#,क,#,#`. प्रश्न मिटला. खऱ्या डेटात एकच किंमत दोनदा येणं ही रोजची गोष्ट आहे. मुलांचे मार्क ट्रीत ठेवा, दोघांना ६७ पडलेलेच असतात.

दुसरं कारण हिशोबाचं. कोणी म्हणेल, निरंक लिहून ओळ किती लांबली! मोजून बघू. आपल्या पाच नोडच्या ट्रीला दोन ओळींच्या पद्धतीत दहा नोंदी लागतात, प्रत्येक नाव दोनदा. निरंकाच्या पद्धतीत अकरा. फक्त एक जास्त. आणि हे कुठल्याही ट्रीला लागू आहे. कारण सोपं आहे. पाच नोड असले की त्यांच्याखाली दहा जागा तयार होतात. रूट सोडून बाकीचे चार नोड त्यांतल्या चार जागांवर बसतात. उरल्या सहा, तिथे निरंक. पाच नावं अधिक सहा निरंक, अकरा. नोड कितीही असोत, निरंक नेहमी एकने जास्त. वर तीन अक्षरांना चार निरंक आले ते म्हणूनच. बरं, ओळीतली शेवटची नोंद नेहमी `#` असते. कोणी हट्टाने ती गाळली तर हिशोब अगदी बरोबरीत येतो. पण मी गाळू देत नाही. ओळ पूर्ण आली की अर्धवट, हे त्या शेवटच्या निरंकावरून कळतं.

एक शंका वर्गात नक्की येते आणि ती यावीच. निरंकाने इतकं काम होत असेल तर इनऑर्डरमध्येच निरंक टाकले तर? नाही चालत. ख रूट असून क त्याच्या डावीकडे असेल, तर निरंकासह इनऑर्डर होतो `#,क,#,ख,#`. आता क रूट करा आणि ख त्याच्या उजवीकडे ठेवा. तरीही `#,क,#,ख,#`. इनऑर्डरमध्ये निरंक कायम एकाआड एक येतात, ट्री कसाही असो, त्यामुळे ते नवीन काहीच सांगत नाहीत. प्रीऑर्डर चालतो कारण त्यात मालक आधी येतो आणि मग त्याच्या जागा भरल्या जातात. पोस्टऑर्डरही चालतो, फक्त ओळ शेवटाकडून वाचायची आणि उजवी बाजू आधी बांधायची. हा प्रयोग मुलांकडून करून घ्या. नाहीतर ती ‘खूण टाकली की झालं’ एवढंच लक्षात ठेवतात.

आता कोडमध्ये काय बिघडतं ते. सगळ्यात जास्त दिसणारी चूक गठ्ठ्याची आहे. पुष्कळ मुलं `iter` न वापरता ओळीतला क्रमांक फंक्शनला देतात आणि असं लिहितात:

```python
def build(tokens, i):
    if tokens[i] == "#":
        return None
    node = Node(tokens[i])
    node.left = build(tokens, i + 1)
    node.right = build(tokens, i + 1)
    return node
```

दिसायला निर्दोष. एररही येत नाही. पण इथे डावी आणि उजवी बाजू एकाच चिठ्ठीपासून सुरू होतात, जणू डावीने उचललेल्या चिठ्ठ्या कोणीतरी गुपचूप गठ्ठ्यात परत ठेवल्या. आपल्या ओळीवर हे चालवलं तर क च्या डावीकडे ख येतो, ख च्या दोन्ही बाजूंना तोच पहिला `#` वाचला जातो, आणि मग क च्या उजवीकडेही पुन्हा ख येतो. परत लिहिलं की मिळतं `क,ख,#,#,ख,#,#`. ग, घ आणि च गायब, ख जुळा. रोगाची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: प्रत्येक नोडची डावी आणि उजवी बाजू हुबेहूब सारखी दिसली, तर क्रमांक पुढे सरकत नाहीये असं खुशाल समजा. उपाय म्हणजे क्रमांक सगळ्यांचा सामायिक ठेवणे, किंवा प्रत्येक वेळी ‘मी इथवर वाचलं’ हे फंक्शनने परत सांगणे.

दुसरी भानगड तपासणीची, आणि ती मला जास्त सलते, कारण ती आपण शिक्षकच करतो. बांधलेला ट्री बरोबर आहे का हे बघायला मुलं इनऑर्डर छापतात आणि आपण ‘बरोबर’ अशी खूण करतो. ट्री जर बायनरी सर्च ट्री असेल, म्हणजे लहान किंमती डावीकडे आणि मोठ्या उजवीकडे, तर त्याचा इनऑर्डर नेहमी चढत्या क्रमानेच येतो. १, २, ३ या किंमतींचे पाचही आकार १ २ ३ असंच छापतात. म्हणजे मुलाने भलताच आकार बांधला तरी तपासणी पास! खरी तपासणी अशी की बांधलेला ट्री पुन्हा निरंकासह लिहायचा आणि ती ओळ मूळ ओळीशी अक्षरशः ताडून बघायची. कोणी डाव्याऐवजी उजवी बाजू आधी बांधली असेल तर ट्री आरशात पाहिल्यासारखा उलटा होतो, आणि तेही इथे लगेच पकडलं जातं. मात्र तपासायला दिलेला ट्रीच दोन्हीकडून सारखा असेल तर नाही. म्हणून ट्री वाकडातिकडाच द्या.

ही तपासणीही एका ठिकाणी फसते. ट्रीत आकडे असतील तर ओळीतून ते मजकूर म्हणून परत येतात. वरचा `build` ९ आणि १० या आकड्यांना आकडे मानत नाही, नुसती अक्षरं मानतो. पुन्हा लिहिलं तर ओळ तीच दिसेल, सगळं आलबेल वाटेल. पण अक्षरांच्या क्रमाने `"10"` हे `"9"` च्या आधी येतं, त्यामुळे सर्च ट्रीत शोध भलतीकडे जाईल. आकडे असतील तिथे `Node(int(t))` असं लिहायला हवं. आणि स्वल्पविराम! तो अनावश्यक वाटून काही जण गाळतात. रूट १२ आणि त्याच्या डावीकडे ३ असा एक ट्री, रूट १ आणि त्याच्या डावीकडे २३ असा दुसरा. स्वल्पविराम नसेल तर दोन्हींची ओळ `123###`. एका अक्षराच्या नावांवर हे कधी लक्षात येत नाही, म्हणून दोन अंकी आकडे एकदा तरी द्यावेत.

पालकांसाठी एक गोष्ट, तिला पायथॉन येण्याची गरज नाही. मुलाने लिहिलेली ओळ पूर्ण आहे की नाही हे बोटांवर तपासता येतं. सुरुवातीला एक बोट उभं करा, म्हणजे एक रिकामी जागा. नाव आलं की एक बोट वाढवा, कारण त्याने एक जागा घेतली आणि दोन दिल्या. `#` आला की एक बोट मिटा. आपल्या ओळीवर आकडे असे जातात: सुरुवातीला १, मग क ला २, ख ला ३, `#` ला २, ग ला ३, दोन निरंकांनी २ आणि १, घ ला २, `#` ला १, च ला २, आणि शेवटचे दोन निरंक १ आणि ०. ओळ संपते तेव्हाच बोटं संपली पाहिजेत. ओळ संपली पण बोटं उरली, तर काहीतरी लिहायचं राहिलंय. बोटं मध्येच संपली आणि ओळ अजून शिल्लक आहे, तर कुठेतरी जास्तीचा निरंक पडला किंवा दोन ओळी एकमेकींना चिकटल्या. ओळ पूर्ण असूनही ट्री चुकलेला असू शकतो, ते या मोजणीत कळत नाही. त्यासाठी ट्रीच काढून बघावा लागेल.

मुलं पुढे लीटकोडसारख्या साइटवर जातात तेव्हा त्यांना `[1,2,3,null,null,4,5]` अशी ओळ दिसते आणि ती गोंधळतात. तिथे निरंक तोच आहे, फक्त क्रम वेगळा आहे: वरून खाली, एकेक पातळी डावीकडून उजवीकडे. १ च्या खाली २ आणि ३, मग २ ची दोन निरंक मुलं, मग ३ ची मुलं ४ आणि ५. शेवटचे निरंक तिथे गाळलेले असतात. एवढं सांगितलं की पुरे.

या पातळीच्या पद्धतीची गल्लत हीपच्या अ‍ॅरेशी होते, तेवढी मात्र सोडवून द्यायला हवी. हीपमध्ये प्रत्येक शक्य जागेला ठरलेला क्रमांक असतो, निरंकाच्या खालच्या जागांनाही. आपल्या ओळीत निरंकाच्या खाली काही लिहीत नाहीत. फुली मारलेल्या चौकोनाला मुलं कुठून येणार? उजवीकडे उतरत जाणारी वीस नोडची साखळी हीपच्या पद्धतीने ठेवली तर १०,४८,५७५ जागा अडवाव्या लागतील. निरंकाच्या ओळीत ४१ नोंदींत काम होतं.

साखळीचा विषय निघालाय तर वरच्या कोडची मर्यादाही सांगून टाकतो. ते स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावतं, ट्री जितका खोल तितक्या वेळा एकात एक. पायथॉन ही खोली मुळात १००० च्या आसपास थांबवतो. दहा लाख नोडचा समतोल ट्री फक्त वीस पातळ्यांचा असतो, तो सुखाने लिहिला जातो. पण कोणी १ ते १५०० आकडे चढत्या क्रमाने सर्च ट्रीत घातले तर सरळ साखळी तयार होते आणि `RecursionError` येतो. दीड हजार नोडवर अडलं आणि दहा लाखांवर चाललं, हे मुलांना आधी चमत्कारिक वाटतं. त्यांना तो साखळीचा ट्री कागदावर काढायला सांगा. मग चिठ्ठ्यांचा खेळ आठवून द्या: तिथे फंक्शन कुठे होतं? अर्धवट नोडची यादी आपण फळ्यावर बघून लक्षात ठेवत होतो. तीच यादी कोडमध्ये स्टॅक म्हणून ठेवली आणि `while` लूप लावला की खोलीचं बंधन राहत नाही. हुशार मुलांना हा गृहपाठ द्या, आणि तपासायला दीड हजारांची ती साखळीच द्या.